जुनी आणि नवी करप्रणाली : गृहकर्ज व गुंतवणुका असलेल्या पगारदाराच्या संदर्भात

भारतातील वैयक्तिक प्राप्तिकर दोन समांतर पद्धतींनी मोजता येतो. जुन्या प्रणालीत दर चढे आहेत, पण गृहकर्जाचे व्याज, भविष्य निर्वाह निधी, विमा, घरभाडे भत्ता अशा अनेक वजावटी मिळतात. २०२० च्या अर्थसंकल्पातून आलेल्या नव्या प्रणालीत दर कमी आहेत आणि यांतल्या बहुतेक वजावटी नाहीत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली मूळ धरली जाते. जुनी हवी असेल तर ती करदात्याला मागून घ्यावी लागते. पुढील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि साठ वर्षांखालील निवासी व्यक्तीचे आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते बदलले असले, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो.

नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. त्यापुढे प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के दर लागतो आणि २४ लाखांवर ३० टक्के. पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीने कर शून्य होतो. म्हणजे पगाराखेरीज उत्पन्न नसेल, तर १२.७५ लाखांपर्यंत तुलना करण्याची गरजच उरत नाही. जुन्या प्रणालीत अडीच लाखांपुढे ५ टक्के, ५ लाखांपुढे २० टक्के आणि १० लाखांपुढे थेट ३० टक्के दर लागतो. प्रमाणित वजावट ५०,००० ची आहे. दोन्हींत करावर ४ टक्के उपकर वाढतो.

गृहकर्जाचे वजन किती?

‘गृहकर्ज आहे, म्हणजे जुनीच प्रणाली’ हा हिशेब २०२० च्या सुमारास बऱ्याच जणांच्या बाबतीत बरोबर होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या प्रणालीचे टप्पे रुंदावले आणि तो बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा ठरला. कारण साधे आहे. स्वतः राहत्या घरासाठी कलम २४(बी) खाली व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांवर थांबते, बँकेला व्याज कितीही गेले असले तरी. मुद्दलाची परतफेड ८०सी मध्ये धरली जाते, पण त्या कलमाची दीड लाखांची मर्यादा पगारदाराची आधीच बरीचशी भरलेली असते.

वर्षाला १८ लाख पगार असलेली, स्वतःच्या घरात राहणारी एक व्यक्ती घेऊ. मूळ वेतन महिना ६०,००० आहे. वीस वर्षांचे ३० लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी घेतले असून हप्ता सुमारे २६,०३५ रुपये आहे. पहिल्या बारा हप्त्यांत व्याज २.५३ लाखांच्या आसपास जाते आणि मुद्दल जेमतेम ६०,००० फिटते. मूळ वेतनाच्या १२ टक्क्यांप्रमाणे भविष्य निर्वाह निधीत तिचे ८६,४०० रुपये जातात. हे दोन मिळून ८०सी चे सुमारे १.४६ लाख भरले. यानंतर ‘कर वाचवायला’ म्हणून मार्चमध्ये घेतलेल्या विमा पॉलिसीने वा करबचत फंडाने वजावटीत भर पडते ती चारएक हजारांची. बाकी रक्कम गुंतवणूक म्हणून चांगली असेल वा नसेल, करासाठी ती मोजायची नाही. तुलना करताना सर्वांत जास्त चूक इथेच होते : माणसे निधी, मुद्दल, पीपीएफ आणि विमा यांची सरळ बेरीज करतात आणि वरची मर्यादा विसरतात.

या व्यक्तीने ८०सी पूर्ण भरले, राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतःचे जादा ५०,००० घातले आणि आरोग्यविम्याचा २५,००० हप्ता भरला असे धरू. जुन्या प्रणालीत १८ लाखांतून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, व्याज २,००,०००, ८०सी चे १,५०,०००, पेन्शनचे ५०,००० आणि विम्याचे २५,००० वजा केले की १३,२२,५०० उरतात. त्यावर उपकरासह कर २,१७,६२० होतो. नव्या प्रणालीत फक्त ७५,००० वजा होऊन १७,२५,००० करपात्र राहतात आणि उपकरासह कर १,५०,८०० होतो. जवळपास सगळ्या नेहमीच्या वजावटी वापरूनही जुनी प्रणाली ६६,८२० रुपयांनी महाग पडली.

दोन्ही कर समान व्हायचे तर १८ लाखांच्या पगारावर, प्रमाणित वजावट सोडून, सुमारे ६.४२ लाखांच्या वजावटी लागतात. या व्यक्तीकडे ४,२७,५०० आहेत. १५ लाखांच्या पगाराला हा आकडा ५,४३,७५० आहे, आणि पावणेपंचवीस लाखांच्या पगाराला ८ लाख. त्यापुढे दोन्हीकडे वरचा दर ३० टक्केच असल्याने हे ८ लाख कायम राहतात. म्हणून तुलना करताना दोन संपूर्ण हिशेब मांडण्याआधी एवढेच पाहावे : आपल्या पगाराला लागणारा हा आकडा आपण गाठतो का?

भाड्याने राहणारा घरमालक

आकडा गाठण्याचा सर्वसाधारण मार्ग म्हणजे घरभाडे भत्ता. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला त्याची करमाफी मिळत नाही. पण घर एका शहरात आणि नोकरी दुसऱ्या शहरात असेल, तर व्याजाची वजावट आणि भत्त्याची करमाफी दोन्ही एकाच वर्षी मिळतात. दोन्ही एकदम घेणे नियमबाह्य आहे, हा गैरसमज अजूनही बऱ्याच पगार विभागांत आढळतो.

वरच्याच व्यक्तीचे घर नाशिकला आहे, तिथे तिचे आईवडील राहतात आणि ती पुण्यात महिना २८,००० भाड्याने राहते असे समजा. करमाफी तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेएवढी मिळते : मिळालेला भत्ता (इथे २,८८,०००), मूळ वेतनाच्या ४० टक्के (२,८८,०००, २०२५-२६ पर्यंत ५० टक्क्यांचा नियम मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई यांनाच होता), आणि भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचा दहावा हिस्सा वजा केलेली रक्कम. तिसरी रक्कम ३,३६,००० वजा ७२,००० म्हणजे २,६४,००० येते, तीच करमाफ. जुन्या प्रणालीतले करपात्र उत्पन्न १०,५८,५०० वर येते आणि कर उपकरासह १,३५,२५२. आता जुनी प्रणाली १५,५४८ रुपयांनी स्वस्त आहे. पगार तोच, कर्ज तेच. निकाल फिरवला तो भाड्याने.

हा फरक मोठा नाही आणि टिकाऊही नाही. भाडे किंवा भत्ता थोडा कमी झाला, बढती मिळून पगार वाढला, की पारडे फिरते. कर्ज जुने होत जाते तसे व्याजही उतरते. वरच्या कर्जात नवव्या वर्षी वार्षिक व्याज २ लाखांखाली जाते. मधेच मोठी रक्कम आगाऊ फेडली तर ते त्याहून लवकर होते. म्हणून तुलना दर वर्षी नव्याने करायची असते.

घर भाड्याने दिले असेल तर

‘नव्या प्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाला काहीच किंमत नाही’ हे विधान राहत्या घरापुरतेच खरे आहे. भाड्याने दिलेल्या घराचे पूर्ण व्याज दोन्ही प्रणालींत भाड्यातून वजा होते. भाडे महिना १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,००० आणि पालिकेचा कर ६,००० असेल, तर उरलेल्या २,१०,००० मधून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन १,४७,००० राहतात. व्याज ३,४०,००० असेल तर घराच्या शीर्षाखाली १,९३,००० तोटा दिसतो. जुन्या प्रणालीत तो पगारातून वजा होतो (वर्षाला २ लाखांपर्यंत). नव्या प्रणालीत पगारातून वजा होत नाही, पण १,४७,००० च्या भाड्यावरचा कर मात्र पूर्ण वाचतो. भाडे व्याजाच्या जवळ असेल तर जुन्या प्रणालीचा या बाबतीतला वरचष्मा जवळपास संपतो.

दोन्हीकडे चालणाऱ्या गोष्टी

पेन्शन योजनेतला मालकाचा वाटा दोन्ही प्रणालींत वजा होतो. नव्या प्रणालीत मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत, जुन्यात खासगी नोकरदाराला १० टक्क्यांपर्यंत. मूळ वेतन ७.२ लाख असलेल्या आपल्या व्यक्तीने पगाराच्या रचनेतच तो मागून घेतला, तर नव्या प्रणालीत १,००,८०० रुपये वगळले जाऊन सुमारे २०,९६६ रुपये कर वाचतो. त्यामुळे पेन्शन योजनेला जुन्या प्रणालीच्या बाजूचा मुद्दा धरू नये; तिथे फक्त स्वतःचे ५०,००० जास्तीचे आहेत. हे पैसे मात्र निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतात.

शेअर आणि इक्विटी फंडांच्या भांडवली नफ्याचे दर दोन्हीकडे सारखेच आहेत : अल्प मुदतीचा २० टक्के, दीर्घ मुदतीचा १.२५ लाखांवर १२.५ टक्के. नव्या प्रणालीतली ८७ए ची सवलत या विशेष दराच्या कराला लागू नाही. पगार १२.७५ लाखांच्या आत आहे म्हणून निश्चिंत असलेल्याला म्युच्युअल फंड विकल्यावर कराची मागणी येते ती यामुळे.

निवड प्रत्यक्षात कशी होते

एप्रिलमध्ये मालक प्रणाली विचारतो. उत्तर न दिल्यास नव्या प्रणालीप्रमाणे करकपात सुरू होते. जुनी निवडल्यास वर्षाच्या शेवटी १२बीबी नमुन्यात भाडेपावत्या, बँकेचे व्याज प्रमाणपत्र आणि गुंतवणुकीचे पुरावे द्यावे लागतात. वार्षिक भाडे एक लाखावर असेल तर घरमालकाचा पॅनही. व्याज प्रमाणपत्र तात्पुरते आहे की अंतिम, हे पाहून घ्यावे. जानेवारीत मिळते ते तात्पुरते असते आणि दरम्यान दर बदलला तर दोन्हींत फरक पडतो.

मालकाला सांगितलेली निवड कायमची नसते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेला पगारदार विवरणपत्र भरताना प्रणाली बदलू शकतो, कापलेला जादा कर परत मिळतो. अट एकच, पण कडक : जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मूळ मुदतीतच (सामान्यतः ३१ जुलै) गेले पाहिजे. उशिराचे विवरणपत्र नव्या प्रणालीतच भरता येते आणि तेव्हा व्याज, भत्ता, ८०सी सगळे गळते. फॉर्म १६ मध्ये न दिसलेली वजावट विवरणपत्रात घेता येते, पण विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्जखाते, बँकेचे नाव असे तपशील आता तिथे भरावे लागतात.

पती-पत्नी दोघेही घराचे सहमालक आणि कर्जाचे सहकर्जदार असतील, तर जुन्या प्रणालीत प्रत्येकाला स्वतंत्र २ लाखांची व्याजमर्यादा मिळते आणि प्रत्येकाने आपापली प्रणाली वेगळी निवडावी. एकाला जुनी, दुसऱ्याला नवी हे चालते. मात्र कर्जावर नाव असून मालकीत नाव नसेल, तर त्या व्यक्तीला वजावट मिळत नाही. बांधकाम कर्ज घेतल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत पूर्ण झाले नाही, तर व्याजाची मर्यादा २ लाखांवरून ३०,००० वर येते. ताबा मिळण्याआधीचे व्याज त्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत, पण त्याच २ लाखांच्या आत, घेता येते. रखडलेल्या प्रकल्पांतल्या खरेदीदारांनी जुन्या प्रणालीचा हिशेब मांडताना ताब्याची तारीख आधी पाहावी.