विद्यार्थी तातडी निधी

शिक्षण चालू असताना अचानक ओढवलेल्या आर्थिक अडचणीमुळे विद्यार्थ्याचे सत्र वाया जाऊ नये, यासाठी काही महाविद्यालये व विद्यापीठे आपल्याकडील राखीव पैशातून जी छोटी रक्कम थोड्या दिवसांत देतात, त्या व्यवस्थेस विद्यार्थी तातडी निधी म्हणतात. ही रक्कम परत न करायच्या अनुदानाच्या रूपात किंवा ठरावीक मुदतीत फेडायच्या बिनव्याजी कर्जाच्या रूपात मिळते. शिष्यवृत्ती गुणवत्ता किंवा उत्पन्न पाहून आधीच मंजूर होते. तातडी निधी अडचण आल्यावर आणि त्या एका अडचणीपुरताच दिला जातो.

अनुदान द्यावे की कर्ज, हा यातील कळीचा निर्णय असून तो रकमेच्या आकारावरून करणे चुकीचे ठरते. विद्यार्थ्याचा पैसा उशिरा येणार आहे की येणारच नाही, हे आधी पाहावे लागते. समजा, एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण ती जमा व्हायला पाच आठवडे लागणार आहेत आणि खोलीचे भाडे दहा दिवसांत भरायचे आहे. दुसरीची अर्धवेळ नोकरी सुटली आहे आणि तिलाही तेवढेच भाडे भरायचे आहे. दोघींना साठ दिवसांच्या मुदतीने सारखेच कर्ज दिले, तर पहिली मुदतीआधीच मोकळी होते. दुसरीकडे मात्र साठाव्या दिवशीही फेडायला काही नसते, तिच्या नावावर थकबाकी लागते आणि थकबाकीदाराची पुढील सत्राची नोंदणी रोखण्याचा नियम असेल, तर ज्या मदतीने तिचे शिक्षण टिकायचे तीच तिला बाहेर काढते. म्हणूनच अर्ज तपासताना ‘हे पैसे कशातून आणि कोणत्या तारखेला फेडाल?’ हा प्रश्न विचारावा लागतो. याला नेमके उत्तर नसेल, तर ते प्रकरण अनुदानाचे असते. तिथे कर्ज देणे हे माझ्या मते मदत नाकारण्यापेक्षा फारसे वेगळे नाही.

पहिल्या विद्यार्थिनीचे काम असे पुढे जाते. ती एक छोटा अर्ज आणि घरमालकाचे भाड्याबाबतचे पत्र देते. कार्यालय शिष्यवृत्ती विभागाकडून मंजुरीची व अपेक्षित तारखेची खात्री करून घेते, तिच्याकडून वचनचिठ्ठीवर सही घेते आणि रक्कम तिच्या खात्यावर जमा करते. शिष्यवृत्ती आली की कर्जाची रक्कम तिच्या संमतीने परस्पर वळती करून घेतली जाते. इथे एक खाचखळगा आहे. सगळी रक्कम एकाच वेळी कापून घेतली, तर पुढच्या महिन्याचे भाडे पुन्हा अडते आणि तीच विद्यार्थिनी नवा अर्ज घेऊन दारात उभी राहते. दोन-तीन हप्ते पाडून दिल्यास हे टळते.

कर्जाचा पैसा सहसा फिरत्या निधीतून येतो, म्हणजे एकाने फेडलेली रक्कम पुढच्याला दिली जाते. व्याज नसल्यामुळे बुडालेला पैसा भरून निघण्याची सोय या व्यवस्थेत नसते. वर्षातून चार वेळा पूर्ण निधी फिरला आणि दर फेरीत दहावा हिस्सा बुडाला, तर १०० पैकी फेऱ्यांगणिक ९०, ८१, ७३ आणि शेवटी सुमारे ६६ उरतात. देणगीदारांची नवी भर पडली नाही, तर असा निधी काही वर्षांत नावापुरता राहतो. हे टाळण्यासाठी जामीनदार मागण्याचा मोह होतो, पण ज्याला जामीनदार मिळतो त्याला बहुधा उसने देणाराही मिळतो, त्यामुळे खरे गरजू बाहेरच राहतात.

निधी नीट चालला आहे की नाही, हे वाटलेल्या रकमेवरून कळत नाही. अर्ज आल्यापासून पैसे हाती पडेपर्यंत किती दिवस गेले, हे मोजावे लागते. महिन्यातून एकदाच बसणाऱ्या समितीकडे अधिकार असेल, तर भाड्याची तारीख उलटून जाते. छोट्या रकमांचा निर्णय एकाच अधिकाऱ्यावर सोपवणे हा त्यावरचा उपाय आहे. अर्ज फारच कमी येत असतील, तर गरज नाही असे समजू नये. अनेकांना निधीची माहितीच नसते आणि ज्यांना असते त्यांनाही आपली अडचण कागदावर मांडण्याचा संकोच वाटतो.

हा संकोच दूर ठेवणारी एक पद्धत अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०११ मध्ये सुरू केली. थोड्या रकमेच्या थकीत शुल्कापायी ज्यांची नावे वर्गातून कमी होणार असतात, अशा विद्यार्थ्यांची यादी कर्मचारीच तपासतात आणि पात्र विद्यार्थ्यांची तूट ‘पँथर रिटेन्शन ग्रँट’ या अनुदानातून भरून काढतात. त्यासाठी विद्यार्थ्याला अर्ज करावा लागत नाही.