क्रिएटिनचं पाणी नेमकं कुठे जातं?

"क्रिएटिन सुरू करून आठवडा झाला, वजन दीड किलो वाढलं. अंगावर सूज आली का?"

नाही. क्रिएटिन सोडियमसोबत स्नायूंच्या पेशींत शिरतं आणि तिथलं प्रमाण वाढलं की पाणीही ओढून घेतं. त्यामुळे वाढलेलं पाणी बहुतांशी स्नायूंतच असतं, कातडीखाली नाही. चरबी तर नाहीच, पण आठवड्यात दीड किलो नवा स्नायूही तयार होत नाही, हेही ऐकून ठेवा!

लोडिंग केलं, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस रोज २० ग्रॅमचा मोठा डोस घेतला, तर ही उडी पाच-सात दिवसांत दिसते. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर तीच वाढ तीन-चार आठवड्यांत हळूहळू होते, म्हणून जाणवत नाही. नडगीवर बोट दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर मात्र ती खरी सूज, डॉक्टरांना दाखवा.