कार्यानुसारी रूप

इमारतीचे रूप तिच्या कार्यातून ठरावे, हे आधुनिकतावादी वास्तुकलेचे गाजलेले सूत्र अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्या १८९६ च्या लेखातून आले. लेखाचा विषय होता उंच कार्यालयीन इमारत.

सलिव्हन मजल्यांपासून सुरुवात करतात. तळाला दुकाने आणि बँका, म्हणून रुंद खिडक्या आणि रस्त्यावरून सहज प्रवेश. दुसऱ्या मजल्यावर जिन्याने जाता येते, तेव्हा तोही प्रशस्त. त्यावर एकसारखी कार्यालये, म्हणून खिडक्याही एकसारख्या. शेवटच्या मजल्यावर टाक्या, नळ आणि यंत्रे. तिथे उजेड फारसा लागत नाही. सलिव्हन यांचीच अमेरिकेतील सेंट लुइस शहरातली दहा मजली वेनराइट इमारत (१८९१) याच क्रमाने उभी आहे: खाली दोन मजले, मध्ये सात, वर नक्षीने वेढलेला एक, त्यात लहान गोल खिडक्या.

मात्र मधल्या मजल्यांवरून सरळ वर जाणारे विटांचे खांब तपासले, की अडचण दिसते. एकाआड एक खांबातच पोलादी स्तंभ आहे. उरलेले खांब सांगाड्याचा भार घेत नाहीत, तरी दिसतात सारखेच. वापराच्या अर्थाने सूत्र पाळले गेले, रचनेच्या अर्थाने मोडले. सलिव्हन यांच्या मते उंची जाणवून देणे हेही अशा इमारतीचे कामच होते. त्यामुळे सूत्र पाळले गेले का, हे सांगताना ‘कार्य’ कोणत्या अर्थाने घेतले, ते आधी स्पष्ट करावे. सलिव्हन यांना नक्षीविरोधी ठरवणेही चूक आहे. ती भूमिका ऑस्ट्रियन वास्तुविशारद अडॉल्फ लोस यांची.

हीच गाठ वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांच्या न्यूयॉर्कमधील सीग्राम इमारतीत (१९५८) पुन्हा पडते. आगीपासून बचावासाठी पोलादी सांगाडा काँक्रीटने झाकावा लागला. मग इंग्रजी ‘आय’ अक्षरासारख्या छेदाच्या कांस्य पट्ट्या काचेच्या बाहेरून उभ्या लावल्या. त्या काचेच्या पडद्याला थोडी ताठरता देतात, इमारत पेलत नाहीत. आतला सांगाडा कसा असेल, याचे ते बाहेर काढलेले चित्र आहे. वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनोर यांनी १९७२ मध्ये नेमका यावरच आक्षेप घेतला: वरून लावलेली नक्षी टाकून आधुनिकांनी अख्खी इमारतच नक्षी करून टाकली.

इटालियन वास्तुविशारद आल्डो रोस्सी यांचा १९६६ चा आक्षेप याहून खोल जातो. इटलीतील पाडुआ शहराची जुनी सार्वजनिक इमारत पालाझ्झो देला राज्योने पाहा. वरचे भव्य दालन न्यायालयांसाठी होते, ते काम कधीच संपले. खाली बाजार अजून भरतो. कार्ये बदलत गेली, रूप राहिले, आणि शहराला ओळख दिली ती त्या रूपाने. मग रूपाचे कारण केवळ कार्यात कसे शोधणार? रोस्सी अशा विचाराला भाबडा कार्यवाद म्हणतात. पण त्यांचा दाखला मोठ्या मोकळ्या दालनाचा आहे, आणि असे दालन कोणताही वापर सामावून घेते. एकाच कामासाठी घट्ट बेतलेल्या, छोट्या खोल्यांच्या इमारतीला तो तितका लागू पडत नाही.