तारीख उलटली, गाय व्याली नाही

जुलैच्या 11 तारखेला सकाळी आत्याचा कुडाळजवळच्या गावातून फोन. बाहेर धो धो पाऊस, गोठ्याच्या पत्र्यावरचा आवाज फोनमध्ये एवढा की अर्धं कळतच नव्हतं. "तारीख जावन चार दिस झाले, वासराचो काय पत्तोच नाय रे. इंजेक्शन देवचा काय?" शेजारच्या पोराने मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमध्ये रेतनाची तारीख टाकली होती, अ‍ॅपने 7 जुलै असं ठसठशीत सांगितलं, आणि तेव्हापासून आत्या चार रात्री कंदील घेऊन गोठ्यात जात होती.

मी आधी विचारलं, कुठली तारीख टाकली? कारण खरी गफलत बहुतेक वेळा इथेच होते. गाय पहिल्या वेळी भरवली, राहिली नाही, 21 दिवसांनी परत माजावर आली, परत भरवली, आणि कॅलेंडरवर मात्र पहिलीच तारीख ठळक दिसत राहते. आत्याकडेही दोन तारखा होत्या, 9 सप्टेंबर 2024 आणि 30 सप्टेंबर 2024. मोजायची ती शेवटची, जिच्यानंतर गाय माजावर आली नाही आणि दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून गाभण आहे असं सांगितलं. सुदैवाने पोराने 30 सप्टेंबरच टाकली होती. म्हणजे सुरुवात बरोबर होती, मग घोळ कुठे होता?

घोळ 280 या आकड्यात होता. अ‍ॅपने सरळ 280 दिवस मिळवले. बरेच जण 283 धरतात, आणि बोटांवर करायची युक्ती तीच आहे, नऊ महिने पुढे जायचं आणि वर दहा दिवस. 30 सप्टेंबर, नऊ महिन्यांनी 30 जून, वर दहा दिवस म्हणजे 10 जुलै. संगणकावरच्या तक्त्यात रेतनाची तारीख A2 मध्ये असेल तर नुसतं

```
=A2+283
```

लिहिलं की झालं. (नऊ महिने कधी 273 दिवसांचे असतात, कधी 276 चे, त्यामुळे बोटांवरच्या हिशोबात दोन-तीन दिवस इकडे तिकडे होतात, पण त्याने काही बिघडत नाही, का ते पुढे येतंच.)

तर सरासरी. होल्स्टिन आणि जर्सीचा गाभणकाळ साधारण 279-280 दिवस. गीर, साहिवाल आणि एकूणच आपल्या वशिंडवाल्या गाई साधारण आठवडाभर जास्त घेतात. आत्याची गाय जर्सी क्रॉस, पण तिला भरवताना वीर्याची स्ट्रॉ गीरची वापरलेली. म्हणजे पोटातलं वासरू निम्मं तरी गीरकडचं. आणि इथे वासराचं रक्त मोजायचं, नुसतं गाईचं नाही, कारण कधी बाहेर यायचं हे वासरू ठरवतं! मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाभणपणी गर्भाशय शांत ठेवायचं काम प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन करतं. ते असेपर्यंत गर्भाशय आकुंचन पावत नाही, तोंड घट्ट बंद. आता शेवटच्या दिवसांत वासराचा मेंदू पुरेसा तयार झाला की त्याच्याच मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी त्याच्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला इशारा देते, तिथून कॉर्टिसॉल सुटतं, आणि हे कॉर्टिसॉल वारेत पोचलं की वार आपला धंदाच बदलते, प्रोजेस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करायला लागते. त्यावर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं, ते अंडाशयावरचा प्रोजेस्टेरॉन बनवणारा पिवळा गोळा विरघळवतं, आणि एक-दोन दिवसांत ब्रेक सुटतो, कळा सुरू. त्याच कॉर्टिसॉलने वासराची फुप्फुसंही हवेसाठी तयार होतात. म्हणजे दार उघडणारा आणि श्वासाची तयारी करणारा माणूस एकच.

हे कळलं कसं? न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला माँट लिगिन्स यांनी 1960 च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले. पोटातल्या कोकराची पिट्युटरी नष्ट केली तर मेंढी तारीख उलटली तरी विईना, आणि उलट कोकराला कॉर्टिसॉल दिलं तर अवेळीच व्याली. त्याहून गंमत म्हणजे अशी अवेळी जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा बरा श्वास घेत होती. त्यावरूनच पुढे 1972 मध्ये, अपुऱ्या दिवसांची बाळंत होणार असलेल्या बायकांना स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याची पद्धत आली, जी आजही वापरतात.

आता परत आत्याच्या गोठ्यात. वासराची घड्याळं सारखी नसतात, म्हणून सरासरी कितीही अचूक काढली तरी प्रत्यक्ष तारीख तिच्या आजूबाजूला पसरते. ढोबळ हिशोब असा की तीनातल्या दोन गाई सरासरीच्या पाच दिवस मागे-पुढे वितात, आणि जवळजवळ सगळ्या दहा दिवसांच्या आत. या गाईला मी जर्सी आणि गीरच्या मधले 284 धरले, म्हणजे 11 जुलै. तर 6 ते 16 जुलै हा नेहमीचा काळ, 1 ते 21 पर्यंतही घाबरायचं कारण नाही. "चार दिवस उलटले" म्हणत होती ती गाय माझ्या हिशोबाने त्याच दिवशी वेळेवर होती. पाडा असेल तर एक-दोन दिवस जास्त लागतात, जुळी असतील तर काही दिवस आधी. पण त्यावरून उलटं, उशीर झाला म्हणजे पाडाच, असं म्हणता येत नाही, पसारा त्याहून मोठा आहे.

गावात अजून एक ठाम मत, गाय अवसेला वितेच. अवसेला व्यालेली लक्षात राहते हो, मधल्याच कुठल्यातरी तिथीला व्यालेली कोण लक्षात ठेवतो. आणि एकच तारीख सांगून मोकळं होणारं अ‍ॅप मला या अवसेपेक्षा फार शहाणं वाटत नाही, निदान "दहा दिवस मागे-पुढे" एवढं तरी लिहा.

इंजेक्शनचं मात्र मी आत्याला स्पष्ट नाही सांगितलं. ते देतात ते वासराच्या कॉर्टिसॉलची नक्कल, किंवा पुढच्या पायरीचं प्रोस्टाग्लँडिन. समजा तारीख 9 सप्टेंबरवरून मोजली असती, तर 21 दिवस आधीच "उलटली" म्हणून इंजेक्शन, आणि वासरू कच्चं. तारीख बरोबर असली तरी अशा वेळी वार अडकायचं प्रमाण बरंच वाढतं. कारण असेल तर डॉक्टर ठरवतील, आपण अ‍ॅप बघून नाही.

त्यापेक्षा शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना हात लाव म्हटलं. तिथल्या दोरीसारख्या ताठ शिरा (खरं तर अस्थिबंध) शेवटच्या एक-दोन दिवसांत ढिल्या पडतात, हात खोल जातो. कास तटतटून सडात चीक उतरतो. थर्मामीटर असेल तर रोज संध्याकाळी त्याच वेळेला ताप बघायचा, व्यायच्या आदल्या दिवशी अर्धा अंश सेल्सिअस किंवा थोडा जास्त उतरतो. कळा चालू होऊन दोन तासांत काहीच पुढे सरकलं नाही, किंवा 21 जुलैही उलटली, तर मात्र फोन थेट डॉक्टरांना.

13 ला संध्याकाळी आत्या म्हणाली, शेपटीजवळ खड्डा पडलाय. 14 ला पहाटे पाडी झाली, तांबूस, कान लांब लोंबणारे. आत्याने कॅलेंडरवर 287 लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी गीरचीच स्ट्रॉ असेल तर ती हाच आकडा धरणार आहे, जर्सीची असेल तर मला विचारणार म्हणाली.