पाठीतल्या पाण्याचा अहवाल आणि त्याआधीचे इंजेक्शन

यावल, चोपडा किंवा धडगाव तालुक्यातून ताप, उलट्या आणि आखडलेली मान घेऊन आलेले मूल जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचते, तेव्हा नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पाठीतून पाणी काढायचे कशासाठी, हा पहिला. आणि पाणी तपासायला पाठवले असेल तर अहवाल येण्याआधीच भारी इंजेक्शने कशाला, हा दुसरा. दुसरा प्रश्न अधिक रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

मेंदूच्या आवरणांचा दाह, म्हणजे मेनिंजायटिस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत खात्रीने ओळखला जाई तो बहुधा शवविच्छेदनातच. 1887 मध्ये व्हिएन्नाच्या आंतोन वाइक्सेलबाउम यांनी या आजाराने दगावलेल्या रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात जोडीने दिसणारे जिवाणू दाखवले; त्यांनाच आज मेनिंगोकोकस म्हणतात. जिवंत रुग्णाच्या पाठीतून हा द्रव काढण्याची रीत 1891 मध्ये जर्मनीतील कील येथे हाइन्रिख क्विंके यांनी वर्णन केली. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये घातली जाते आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे पाणी काढल्याने पाय लुळे पडतात ही आपल्याकडे अजूनही ऐकू येणारी भीती निराधार आहे.

या द्रवाचा अर्थ लावणारी मोजमापे पुढच्या काही दशकांत ठरत गेली आणि त्यांचा गाभा आजही तोच आहे. निरोगी मोठ्या मुलाच्या द्रवात पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये पाचपर्यंत असतात आणि साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण साठ टक्के असते. जिवाणू शिरले की पेशी बहुधा हजाराच्या पुढे जातात, त्यांत न्यूट्रोफिल जातीच्या पेशींचे प्राबल्य असते, प्रथिने डेसिलिटरला शंभर मिलिग्रॅमच्या वर चढतात आणि साखर रक्ताच्या चाळीस टक्क्यांखाली उतरते. विषाणूजन्य आजारात पेशी दहा ते काही शेकड्यांत असतात, त्या मुख्यतः लिम्फोसाइट असतात, प्रथिने किंचित वाढतात आणि साखर बहुधा शाबूत राहते. हे दुसरे, सौम्य रूप 1925 मध्ये स्वीडनच्या आरविड वॉलग्रेन यांनी वेगळे काढले आणि त्याला जिवाणूविरहित मेनिंजायटिस असे म्हटले. कारण सापडले नाही एवढेच सांगणाऱ्या या नावाखाली पुढे बरेच काही जमा झाले: खरे विषाणू, अर्धवट औषध मिळालेले जिवाणूजन्य रुग्ण, आणि कधी क्षयाचे रुग्णही.

उपचारांचा इतिहास याला समांतर चालला. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यापासून तयार केलेले मेनिंगोकोकसविरोधी सीरम वापरात आणले; 1913 मध्ये त्यांनी सुमारे तेराशे रुग्णांचा वृत्तांत दिला, त्यात मृत्यूचे प्रमाण एकतीस टक्क्यांच्या आसपास होते, एरवी ते सत्तरच्या पुढे असे. द्रव गढूळ निघाला की डॉक्टर त्याच सुईतून सीरम आत सोडत. न थांबण्याची सवय प्रतिजैविकांच्या आधीची आहे ती अशी. अडचण एवढीच होती की आजार न्यूमोकोकस किंवा हिमोफिलस या दुसऱ्या जिवाणूंचा असेल तर हे सीरम काहीच करत नसे, म्हणून जिवाणूचे नाव कळण्याला तेव्हा फार वजन होते. सल्फा आणि पेनिसिलिन आल्यावर ते वजन घटले आणि 1980 च्या दशकात सेफ्ट्रियाक्झोनसारखी प्रतिजैविके आल्यावर तिन्ही नेहमीच्या जिवाणूंवर एकच इंजेक्शन, नाव कळण्याआधी, देता येऊ लागले. तेव्हापासून अहवालासाठी इंजेक्शन रोखून धरण्यास वैद्यकीय आधार उरला नाही.

थांबण्याची किंमत मोजलेली आहे. दवाखान्यात आल्यापासून पहिल्या डोसपर्यंत सहा तासांहून अधिक उशीर झालेल्या प्रौढ रुग्णांत मृत्यू ठळकपणे वाढतात, असे 2005 मधील कॅनडातल्या अभ्यासात दिसले. उलट, आधी डोस दिल्याने काय हरवते तेही ठाऊक आहे: मेनिंगोकोकस द्रवातून दोनेक तासांत नाहीसा होऊ शकतो, न्यूमोकोकस साधारण चार तासांनंतर, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी, कल्चर, कोरे येऊ शकते, पण पेशी, प्रथिने आणि साखर इतक्या लवकर पूर्ववत होत नाहीत. म्हणून पाणी लगेच काढता येत असेल तर आधी पाणी आणि पाठोपाठ डोस. शुद्ध हरपत असेल, एका अंगाची ताकद गेली असेल किंवा आधी सीटी स्कॅन लागणार असेल, तर आधी रक्ताचे कल्चर, मग लगेच डोस, आणि पाणी नंतर.

एक कल्पित पण आपल्याकडे नित्य घडू शकेल असे उदाहरण घेऊ. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातील सात वर्षांची, वीस किलो वजनाची मुलगी. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस प्रतिजैविकाच्या गोळ्या दिलेल्या, तालुक्याला रात्रभर ग्लुकोजचे सलाइन. सकाळी जळगावात पाणी काढले: पेशी 640, त्यांत न्यूट्रोफिल 70 टक्के, प्रथिने 110, साखर 58. ग्रॅम रंजनात, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, जिवाणू नाहीत. साखर 58 हा आकडा एकटा वाचला तर निरोगी वाटतो आणि घाईत कोणी विषाणूचा आजार म्हणून मोकळा होतो. परंतु सलाइनमुळे रक्तातील साखर 180 होती; गुणोत्तर 0.32 निघते, म्हणजे साखर खरोखर कमी आहे. (द्रवातील साखर रक्ताच्या दोन-चार तास मागून चालते, म्हणून रक्ताचा नमुना पाणी काढण्याआधी घ्यावा आणि सलाइन कधी सुरू झाले ते चिठ्ठीवर लिहावे, रात्रभर चाललेले सलाइन असल्याने इथे हे गुणोत्तर विश्वासार्ह आहे.) विषाणूजन्य आजारातही पहिल्या दिवसात न्यूट्रोफिल जास्त दिसतात, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय करता येत नाही, इथे साखर आणि प्रथिने मिळून कौल देतात. जिवाणू न दिसणे तर काहीच सिद्ध करत नाही, कारण गोळ्या दोन दिवस पोटात गेल्या आहेत.

खानदेशात यात आणखी एक गोष्ट येते. द्रवातील न्यूट्रोफिल नेहमीच्या तापमानालाच दोन तासांत निम्म्यापर्यंत फुटून जातात. तालुक्याला भरलेली बाटली मे महिन्याच्या उन्हात जिल्ह्याला पोहोचेपर्यंत जिवाणूजन्य नमुना विषाणूजन्य भासू शकतो. कल्चरच्या बाटलीला बर्फही चालत नाही, कारण थंडीने मेनिंगोकोकस मरतो. माझ्या मते प्रवास लांब असेल तर तालुक्याच्या डॉक्टरांनी नमुन्याच्या मागे न लागता रक्ताचे कल्चर घ्यावे, सेफ्ट्रियाक्झोनचा पहिला डोस द्यावा आणि त्याची वेळ चिठ्ठीवर लिहून गाडी सोडावी.

आपल्या उदाहरणातील मुलीला दाखल होताच एक ग्रॅम सेफ्ट्रियाक्झोन दिलेले असते आणि पुढे दर बारा तासांनी. तिसऱ्या दिवशी कल्चर कोरे येते. त्यावरून औषध बंद करायचे नसते. द्रवाची पीसीआर तपासणी एंटेरोव्हायरस हा विषाणू दाखवत असेल आणि मूल सुधारत असेल तरच थांबण्याचा विचार होतो, एरवी दहा दिवसांच्या आसपासचा कोर्स पूर्ण केला जातो. ताप हटला नाही, पुन्हा काढलेल्या पाण्यात लिम्फोसाइट वाढले आणि साखर खालीच राहिली, तर क्षयाचा शोध सुरू करावा लागतो.