लेबल तिरकं की नमुना तिरका?

अॅक्टिव्ह लर्निंग आणि वीक सुपरव्हिजन, दोन्हींना ‘कमी लेबलिंगचे उपाय’ म्हणून एकाच पोत्यात भरलेलं दिसलं की मला चीड येते. नियम लिहून हजारो ओळींना ढोबळ लेबलं लावायची, हे वीक सुपरव्हिजन बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो चूक नेमकी कुठे शिरते, यात.

समजा, ठाण्यातल्या नागरिकांच्या २०,००० तक्रारी आहेत आणि त्यातल्या पाणीपुरवठ्याच्या वेगळ्या काढायच्या आहेत. ‘पाणी’ शब्द दिसला की होय, असा एक नियम. ‘पाणी, नळ किंवा टाकी’ दिसलं की होय, असा दुसरा. घोडबंदर रोडवरचं ‘तीन दिवस पाणी नाही’ दोघांनाही सापडतं. पण जुलैत ‘वंदना डेपोपाशी गुडघाभर पाणी साचलंय’ आलं की दोघेही एकमताने चुकतात. नियमांची मतं एकत्र करून शेवटचं लेबल ठरवणारं लेबल मॉडेल, नियम किती विश्वासू हे त्यांच्या आपसातल्या एकमतावरूनच अजमावतं, त्यामुळे तेही फसतं. तक्रारी दोन लाख केल्या तरी ही चूक निवळत नाही. इथे नमुना सरळ असतो, लेबल तिरकं.

अॅक्टिव्ह लर्निंगमध्ये उलट. लेबल माणूस लावतो, म्हणून ते सहसा खरं असतं. पण कुठली ओळ विचारायची हे मॉडेल ठरवतं. आधी सरसकट उचललेल्या २०० तक्रारींवर त्याला शिकवायचं. मग अनसर्टन्टी सॅम्पलिंग, म्हणजे ज्यांच्याबद्दल ते सर्वांत साशंक आहे त्याच माणसापुढे ठेवायच्या. लुईस आणि गेल यांनी १९९४ मध्ये मजकुराच्या वर्गीकरणासाठी ही रीत मांडली. ‘गटार फुटलं, नळाला गढूळ पाणी येतंय’ ही पाणीपुरवठ्याची असण्याची शक्यता मॉडेलने ०.५२ दिली, तर ती माणसाकडे जाते. ‘टँकर आलाच नाही’ला ०.९७ मिळाले, तर ती मागे राहते. (ही शंका लीस्ट कॉन्फिडन्सने मोजायची, मार्जिनने की एन्ट्रॉपीने, यावर दोनच वर्ग असताना वाद घालू नका, क्रम तोच येतो.)

म्हणजे जमलेला ढीग निव्वळ अवघड तक्रारींचा. त्यावरच अचूकता मोजली, तर मॉडेल आहे त्याहून वाईट दिसतं. आणि पहिल्या २०० तक्रारी मे महिन्यातल्या असतील, तर पाणी साचल्याची एकही त्यात नसेल. मग वंदना डेपोच्या तक्रारीला मॉडेल बेधडक ०.९६ देईल, आणि शंकाच नसल्यामुळे ती कधी विचारलीच जाणार नाही. म्हणून ५० च्या प्रत्येक गठ्ठ्यात मी १० डोळे मिटून उचललेल्या घालतो. मोजमापासाठी ३०० सरसकट तक्रारी हाताने तपासून आधीच बाजूला ठेवतो, पद्धत कुठलीही असो.

वर्षानुवर्षं तक्रारी हाताळलेला कारकून रोज अर्धा तास देणार असेल, तर मी अॅक्टिव्ह लर्निंगच घेतो. तसा कोणी नसेल तर नियम लिहितो, पण ‘साचलं’, ‘तुंबलं’ दिसलं की ‘पाणी’वाल्या दोन्ही नियमांना गप्प बसायला लावतो.