दहा कोअर, पण कामाचे किती?

दुकानातल्या लॅपटॉपवरच्या कार्डावर ‘१० कोअर, १२ थ्रेड’ असं लिहिलेलं असतं. शेजारच्या जुन्या मॉडेलवर ‘४ कोअर, ८ थ्रेड’. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग, आणि थ्रेड म्हणजे त्यावर चालणारा सूचनांचा एक धागा. गिऱ्हाईक साहजिकच दहावर बोट ठेवतं. पण हे दहा कोअर एकाच माळेचे मणी नसतात, आणि कार्डावर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

इंटेलचा i5-1235U हा प्रोसेसर घ्या. २०२२ मध्ये आला आणि खूप लॅपटॉपांमध्ये बसला. त्यात दोन पी-कोअर आहेत, म्हणजे वेगासाठीचे, आणि आठ ई-कोअर, म्हणजे कमी विजेत काम उरकणारे. पी-कोअर जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, ई-कोअर ३.३ पर्यंत. फरक नुसत्या गिगाहर्ट्झचाही नाही. पी-कोअर एका ठोक्यात जास्त सूचना उरकतो आणि पुढे काय लागेल याचा अंदाज लांबवर बांधून ठेवतो. त्यासाठी लागणारा पसारा एवढा मोठा, की चिपवर एका पी-कोअरच्या जागेत साधारण चार ई-कोअर मावतात. थ्रेडचा हिशेबही इथेच सुटतो. पी-कोअर एका वेळी दोन थ्रेड सांभाळतो, ई-कोअर एकच. दोनाचे चार आणि आठाचे आठ, झाले बारा. मात्र पी-कोअरचा दुसरा थ्रेड म्हणजे दुसरा कोअर नव्हे. पहिला थ्रेड मेमरीची वाट बघत थांबला की रिकामे पडणारे भाग तो वापरतो, एवढंच.

आता रोजच्या कामाकडे या. एक्सेलमध्ये खातं आहे, वीस हजार ओळींचं, आणि शेवटच्या रकान्यात चालू शिल्लक. प्रत्येक ओळीची शिल्लक वरच्या ओळीवरून निघते. वरची आल्याशिवाय खालची काढता येत नाही, म्हणून हे काम बारा जणांत वाटता येत नाही. एकमेकांशी संबंध नसलेली सूत्रं एक्सेल अनेक थ्रेडवर वाटतं, पण अशी साखळी एकामागून एकच सोडवावी लागते. एक्सेलमधली कामं आपोआप उरकणारा व्हीबीए मॅक्रोही एकाच थ्रेडवर चालतो.

मॅक्रो चालू असताना Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडा, Performance मधल्या सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करून Change graph to मधून Logical processors निवडा. बारा चौकटी दिसतील. या चिपवर सहसा पहिल्या चार पी-कोअरच्या, उरलेल्या आठ ई-कोअरच्या असतात. एखाद-दुसरी चौकट वर टेकलेली आणि बाकीच्या पेंगलेल्या दिसल्या, की समजावं: अडलंय ते एका थ्रेडवर. तिथे आणखी आठ कोअर जोडले तरी ढिम्म फरक पडणार नाही. वरचा एकूण टक्का बघून फसू नका. बाराव्या हिश्शाचं काम तिथे किरकोळ दिसतं.

व्हिडिओ एक्स्पोर्ट, मोठी झिप फाइल, शेकडो फोटोंचा आकार बदलणं, ही कामं मात्र तुकड्यांत वाटता येतात. ढोबळ हिशेबासाठी पी-कोअर १ धरू, त्याच्या दुसऱ्या थ्रेडची भर पाव आणि ई-कोअर अर्धा. मग 1235U ची ताकद दोन सव्वा आणि आठ अर्धे मिळून साडेसहा. चार पी आणि आठ ई असलेल्या i5-1240P ची नऊ. एकट्या थ्रेडच्या कामात मात्र दोघांचा वेग जवळजवळ सारखाच, कारण 1240P चा पी-कोअरही ४.४ लाच थांबतो.

हा हिशेब कागदावरचा. 1235U ची मूळ वीजमर्यादा १५ वॉट आहे. थोडा वेळ तो बराच वर जातो, आणि पातळ लॅपटॉपात तापल्यावर खाली येतो. १५ वॉट दहा कोअरांत वाटले की पी-कोअरला आपला वेग सोडावा लागतो. तिथे ई-कोअरची किंमत कळते, कारण तेवढ्याच विजेत ते जास्त काम काढतात.

कुठलं काम कुठे जावं हे विंडोज ठरवतं. प्रोसेसरच्या आत बसलेला थ्रेड डायरेक्टर त्याला इशारे देतो, आणि विंडोज ११ ते नीट वाचतं. तरी एक गोची होते. समोरची खिडकी महत्त्वाची आणि मागची कमी, असं विंडोज धरून चालतं. एक्स्पोर्ट लावून तुम्ही खिडकी खाली केलीत, मेल वाचायला गेलात, की ते काम ई-कोअरांवर ढकललं जाऊ शकतं. मघाची टास्क मॅनेजरची खूण इथेही कामाला येते: पहिल्या चार चौकटी मोकळ्या, उरलेल्या आठ भरलेल्या. एक्स्पोर्टची खिडकी समोर ठेवा किंवा सेटिंग्जमध्ये पॉवर मोड Best performance करा. बॅटरी लवकर संपेल, पण काम वेळेत होईल.

मला विचाराल तर मेल, ब्राउझर आणि एक्सेल एवढंच काम असणाऱ्याने कोअरची बेरीज बघूच नये. पी-कोअर किती, त्यांचा कमाल वेग किती आणि रॅम पुरेशी आहे का, हे विचारावं. इंटेलने २०२४ मध्ये आणलेल्या Core Ultra 200V मालिकेत चार पी आणि चार ई-कोअर आहेत, आणि पी-कोअरचा दुसरा थ्रेड काढूनच टाकला आहे. म्हणजे आठ कोअर, आठच थ्रेड. कार्डावर या मालिकेतला प्रोसेसर 1235U पेक्षा लहान दिसतो, आणि एकट्या थ्रेडच्या कामात त्याला सहज मागे टाकतो.